रिकाम्या घराचे दिवस

बँकेत तेहतीस वर्षे काढल्यानंतर माणसाला आकड्यांचा एक विशिष्ट गर्व चढतो. बेरीज चुकली नाही की सगळे बरोबर आहे, असे त्याला वाटू लागते. माझी बेरीज त्या दिवशीही चुकली नव्हती. एकशे चव्वेचाळीस भागिले आठ बरोबर अठरा. कुठल्याही ऑडिटरने तपासावे. तरीही त्या अठरांनी माझ्या सख्ख्या वहिनींचे ऐंशी हजारांच्या वर नुकसान केले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. त्यांची मुलगी आमच्या कोथरूडच्या भागात घरे भाड्याने देण्याचा, विकून देण्याचा व्यवसाय करते. तळमजल्यावरचे दहा बाय बाराचे दुकान, दोन खुर्च्या, भिंतीवर किल्ल्यांचा फळा आणि एक जाडजूड रजिस्टर. लहानपणी बँकेत वडिलांचा डबा घेऊन यायची, त्यामुळे मला अजूनही काका म्हणते. मार्च २०२२ च्या अखेरीस ती घरी आली. त्याच महिन्याच्या सहा तारखेला वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंतची मेट्रो सुरू झाली होती आणि पौड रोडच्या दोन्ही बाजूंच्या घरमालकांच्या अंगात वारे शिरले होते.

"काका, रोज दहा फोन येतात. आमचा फ्लॅट किती जाईल, किती दिवसांत जाईल. प्रत्येकाला वेगळं सांगते आणि मग मलाच आठवत नाही कुणाला काय सांगितलं. दर तीन महिन्यांनी एक कागद काढावा म्हणते. आपल्याच भागापुरता. विकायच्या घरांचे मागणी भाव, भाडी, भाड्यानं जायला लागलेले दिवस आणि शेवटी चार ओळी शेरा. एकच पान. तुम्ही आकडे लावून द्या."

शेरा हा शब्द ऐकून मी विरघळलो. उभ्या आयुष्यात फायलींवर शेरेच मारले होते. शिवाय निवृत्तीनंतर चार कादंबऱ्या लिहून झाल्यावर कुणीतरी पुन्हा आकडे मागायला आले होते. मी लगेच हो म्हटले.

तिचे रजिस्टर घेऊन बसलो. पहिल्या तिमाहीत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, दोन बेडरूमचे बारा फ्लॅट तिच्याकडे भाड्याने द्यायला आले होते. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून येथे थोडे गोल केले आहेत; पण हिशेब तोच.) त्यांतले आठ गेले. किती दिवसांत? सहा, नऊ, अकरा, चौदा, अठरा, एकवीस, पंचवीस आणि चाळीस. बेरीज १४४, सरासरी १८. दुसरा रकाना मागितलेल्या भाड्याचा. बाराही घरांची मागणी पाहिली, सर्वांत कमी २७ हजार आणि सर्वांत जास्त ३४. झाले. कागदावर आले: "दोन बेडरूम: मागणी भाडे रु. २७,००० ते ३४,०००. घर जाण्यास सरासरी १८ दिवस." खाली माझा शेरा: "मेट्रोमुळे परिसराच्या भाड्यांत सुधारणेची चिन्हे दिसत असून मागणी समाधानकारक आहे." बँकेच्या वार्षिक अहवालात शोभावे असे वाक्य. मला ते फार आवडले होते.

एप्रिलमध्ये तिने कागद सगळ्या ग्राहकांना पाठवला. परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्यांना मोबाइलवर, इथल्या म्हाताऱ्यांना छापून. एक प्रत मी वहिनींना नेऊन दिली.

दादा २०१९ मध्ये गेले. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून त्यांनी आमच्या भागात दुसऱ्या मजल्यावर एक दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन ठेवला होता. वहिनींना दादांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, पण ते थोडे. घर चालते ते या भाड्यावर. औषधे, बाईचा पगार, सोसायटीचे दोन्हीकडचे पैसे. आधीचा भाडेकरू एप्रिलअखेर जाणार होता आणि १ मेपासून फ्लॅट रिकामा होणार होता.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या मुलीने एक जोडपे आणले. दोघे नोकरीवाले, शांत, मूल शाळेत जाणारे. २८ हजार देऊ म्हणाले, आठ तारखेपासून. वहिनींनी ३२ सांगितले होते. मुलगी म्हणाली, "मावशी, चांगली माणसं आहेत, द्या." वहिनींनी माझा कागद पुढे केला. "भावजींनी लिहिलंय, ३४ पर्यंत मागताहेत आणि अठरा दिवसांत घर जातं. मी तर ३२च मागते आहे. अजून आठवडाही झाला नाही." त्या मुलीला काय बोलावे कळेना. कागद तिचाच होता आणि हिशेब तिच्या काकांचा.

मे गेला. जून गेला. आमच्या भागात भाड्याच्या घरांचा हंगाम हाच. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मुलांची शाळा धरून घर बदलणारी कुटुंबे त्याआधी स्थिरावतात. त्यानंतर कॉलेजची मुले येतात, पण वहिनींच्या सोसायटीला ती चालत नाहीत. पाऊस सुरू झाला आणि फोन थांबले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्या तिमाहीचा कागद करायला बसलो. रजिस्टरची पाने उलटता उलटता मागच्या चार घरांवर नजर गेली. बारा आली, आठ गेली, मग चार राहिली. त्या चारांचे मी काय केले होते? काहीच नाही. ती "गेली" नव्हती म्हणून त्यांना "जाण्यास लागलेले दिवस" नव्हते, म्हणून बेरजेत नव्हती. ३१ मार्चला त्यांतले एक ३५ दिवस रिकामे होते, दुसरे ५२, तिसरे ७० आणि चौथे ८८. आणि या चारांची मागणी? ३२, ३२, ३३ आणि ३४ हजार. गेलेल्या आठांपैकी एकानेही २९ च्या वर मागितले नव्हते. ठरले होते ते २७च्या आसपास.

मी चष्मा काढून ठेवला. बायको म्हणाली, "काय झालं, चहा नको?"

झाले होते असे. माझ्या त्या एका ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी बसले होते, ३४ हजार आणि १८ दिवस. वाचणाऱ्याने ते एकत्र वाचले, आणि ते साहजिकच होते. पण ते दोन आकडे एका घराचे नव्हतेच. ३४ हजार मागणारे घर रिकामे पडले होते आणि अठरा दिवसांत जाणारी घरे २७-२८ ला जात होती. पहिला आकडा मी बारा घरांतून घेतला आणि दुसरा आठांतून. जी घरे महाग म्हणून अडकली, ती मागणीच्या रकान्यात शिरली आणि दिवसांच्या रकान्यातून निसटली. वहिनींनी दोन अर्धसत्यांची बेरीज केली. तीही बरोबरच केली.

बँकेत मला हे कळायला हवे होते. कर्ज किती दिवसांत फिटते हे काढताना आपण फक्त फिटलेलीच कर्जे धरली, तर थकलेली सगळी गायब होतात आणि शाखा सुंदर दिसते. असे करणाऱ्या मॅनेजरला मी स्वतः एकदा दोन पानी मेमो दिला होता.

तर मग दिवस मोजायचे कसे? सरासरी येथे चालतच नाही, कारण रिकाम्या घराचा आकडा अजून पुरा झालेला नाही. ८८ दिवस रिकामे असलेले घर ९० दिवसांत जाईल की २०० दिवसांत, हे आज कुणाला ठाऊक? मात्र ते ८८ पेक्षा कमी दिवसांत गेले नाही, एवढे पक्के. तेवढेच पुरते. बाराही घरे दिवसांच्या क्रमाने ओळीत उभी करायची: सहा, नऊ, अकरा, चौदा, अठरा, एकवीस, पंचवीस, मग रिकामे पस्तीस, मग चाळीस, मग रिकामी बावन्न, सत्तर, अठ्ठ्याऐंशी. मधली दोन कोणती? सहावे आणि सातवे. एकवीस आणि पंचवीस. म्हणजे निम्मी घरे साधारण २३ दिवसांत गेली. रिकामी चारही घरे या मधल्या जागेच्या पलीकडे आहेत. ती पुढे कितीही लांबली तरी मध्य हलत नाही. म्हणून खरे वाक्य असे व्हायला हवे होते: "बारांपैकी निम्मी घरे साधारण तीन-सव्वातीन आठवड्यांत गेली. चार अजून रिकामी आहेत. चारांचीही मागणी ३२ हजार किंवा त्याहून जास्त आहे." वहिनींनी हे वाचले असते तर त्या जोडप्याला चहा पाजून किल्ली दिली असती.

एक सावधगिरी मात्र लागते. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात आलेले घर ३१ तारखेला पाच दिवसांचे असते. ते रिकामे आहे यात काही विशेष नाही. त्याला संधीच मिळालेली नाही. अशी घरे या हिशेबात न घेता "नवीन आलेली" म्हणून वेगळी लिहायची आणि पुढच्या कागदावर त्यांच्या खऱ्या तारखेसह न्यायची.

या खऱ्या तारखेतही एक भानगड निघाली. मागच्या चार रिकाम्या घरांचा मी माग काढला. दोघांनी भाडे उतरवले आणि ती गेली. एक मालकाच्या मुलाने राहायला घेतले. चौथे मात्र सापडेना. मग दिसले की ते एप्रिलच्या पानावर "नवीन" म्हणून बसले होते. मालकाने ३४ चे ३१ केले तेव्हा दुकानातल्या मदतनीस मुलाने नवी ओळ घातली आणि नवी तारीख टाकली. घड्याळ शून्यावर. ते घर मेमध्ये गेले तेव्हा रजिस्टरने सांगितले, "१९ दिवस". प्रत्यक्षात ते जानेवारीच्या आरंभापासून रिकामे होते. हा मुलगा अप्रामाणिक नव्हता. त्याच्या दृष्टीने भाव नवा म्हणजे घर नवे. पण घराला भाव कळत नाही, त्याला रिकामेपण कळते.

मग आम्ही दोघांनी बसून नियम ठरवले. घड्याळ केव्हा सुरू होणार? घर राहायला मोकळे झाले तो दिवस, किंवा ते द्यायचे असल्याचे मालकाने सांगितले तो दिवस. यांतला जो नंतरचा असेल तो. भाव बदलला, फोटो बदलले, एजंट बदलला तरी तारीख बदलायची नाही. घड्याळ थांबणार केव्हा? येथे आमचे चांगले वाजले. ती म्हणे टोकन मिळाले त्या दिवशी. तिच्या दृष्टीने काम तेव्हा संपते. मी म्हटले, करार नोंदवला त्या दिवशी. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे, म्हणजे पक्की तारीख मिळते. शेवटी दोघांचेही सोडून दिले आणि भाडे ज्या दिवसापासून चालू झाले तो दिवस धरला. मालकाच्या खिशाला तोच एक दिवस कळतो. टोकन देऊन तीन आठवड्यांनी राहायला येणारा भाडेकरू असतोच.

आता वहिनींच्या हिशेबाकडे वळतो. ३२ आणि २८ यांत महिना चार हजारांचा फरक. अकरा महिन्यांच्या कराराला ४४ हजार. हा जास्तीत जास्त फायदा, तोही ३२ मिळाले तर. आणि घर रिकामे राहिले तर २८ हजारांच्या हिशेबाने दिवसाला ९३३ रुपये जातात. ४४ हजारांना ९३३ ने भागले की सत्तेचाळीस येतात. म्हणजे त्या जोडप्याला नाही म्हटल्यानंतर सत्तेचाळीस दिवसांच्या आत ३२ देणारा आला तर फायदा, नंतर आला तर तोटा. मेंटेनन्स यात धरायचे नाही. ते घर रिकामे असो वा भरलेले, वहिनींनाच भरायचे होते. माझ्या मते त्या एका पानावर सर्वांत उपयोगी पडणारी ओळ हीच: जास्तीचे मागायचे असेल तर किती दिवस थांबणे परवडते. पुढच्या कागदापासून आम्ही ती छापू लागलो. एक हजार जास्त हवेत तर साधारण बारा दिवस, दोन हजारांना चोवीस, चार हजारांना सत्तेचाळीस. २८ हजारांच्या घराला हे लागू; भाडे वेगळे असेल तर आकडे बदलतात.

दुसऱ्या कागदापासून आणखी एक गोष्ट बदलली आणि तिचे श्रेय त्या मुलीचे. मी सरासरी की मध्य यावर व्याख्यान देत होतो. ती मध्येच म्हणाली, "काका, बाराच तर घरं आहेत. सगळीच लिहू या ना." खरेच की. हजार घरे असती तर सार काढायला हवे. बारा घरांचे सार कशाला? नाव नाही, सोसायटी नाही, फक्त मजला, लिफ्ट आहे की नाही, मागितले किती, ठरले किती, किती दिवस. रिकामे असेल तर "ठरले"च्या जागी आडवी रेघ आणि आजपर्यंतचे दिवस. बारा ओळी. निम्मे पान. ज्याला हवे त्याने आपल्यासारखे घर शोधावे.

तिथेच तिला पहिला फटका बसला. एका मालकाचे एकाच इमारतीत चार फ्लॅट आहेत, म्हणजे तिचा मोठा ग्राहक. त्याने फोन केला. रिकाम्या घरांच्या ओळी काढून टाक, भाडेकरूच्या हाती कागद पडला तर तो घासाघीस करतो, असे त्याचे म्हणणे. ते अगदीच खोटे नव्हते. कागद मालकांसाठी असला तरी मोबाइलवरची गोष्ट कुठे जाईल सांगता येत नाही. पण त्याने पुढे जे म्हटले ते जास्त लागले. "तुला काय, तुझं ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं. २८ ला गेलं काय आणि ३२ ला गेलं काय, तुझे चार हजार कमी. माझे अठ्ठेचाळीस. तू लवकर जायचंच बघणार." या आरोपात तथ्य आहे, आणि घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे. एजंटला भाव चढवण्यापेक्षा घर लवकर गेलेले परवडते. म्हणून एजंटचा नुसता सल्ला पुरत नाही, ओळी लागतात; त्या ओळींमध्ये त्याचा कल लपत नाही. ती मुलगी रात्री माझ्याकडे आली तेव्हा रडवेली होती. मी तिला काय सांगणार? माझ्याच कागदाने नुकताच एक घोळ घातला होता. तिने स्वतःच ठरवले, ओळी राहतील. चारही फ्लॅट तिच्याकडून गेले. दोन वर्षांनी त्यांतला एक परत आला. बाकीचे आले नाहीत.

विकायच्या घरांचा रकाना मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आमच्या कागदाला फारसा अधिकार नाही. तीन महिन्यांत तिच्या हातून तीन-चार विक्र्या होतात. तीन घरांवरून "भाव चार टक्के वाढले" असे लिहिणे म्हणजे तीन पावसाळी ढगांवरून धरणाची पातळी सांगणे. म्हणून टक्केवारी नाही. मागणी भाव लिहायचा तर निदान तो कशाचा हे तरी लिहावे. आमच्या भागातल्या जुन्या फ्लॅटचा मालक अजूनही "हजार फूट" म्हणतो, कारण त्याने पंचवीस वर्षांपूर्वी जिना आणि भिंती धरून घेतले होते. ९० लाख मागितले की तो म्हणतो, नऊ हजारांचा भाव. त्याच घराचे कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ७२० फूट भरते. मग भाव साडेबारा हजार होतो. शेजारच्या नव्या इमारतीत बिल्डर कार्पेटवरच भाव सांगतो, कारण २०१६ च्या रेरा कायद्याने त्याला तेच मोजून द्यावे लागते. दोघांचे आकडे एका रकान्यात घातले की जुने घर स्वस्त आणि नवे महाग दिसते, आणि दोन्ही दिसणे खोटे. आम्ही सगळे कार्पेटवर आणतो. घर टेप लावून मोजलेले नसेल तर दर फुटाचा भाव लिहितच नाही, नुसती रक्कम लिहितो.

आणि मागणी ती मागणी. घर खरोखर कितीला गेले, हे नोंदणी खात्याच्या इंडेक्स टूमध्ये दिसते. खात्याच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. त्यात क्षेत्रफळ असते, मोबदला असतो, तारीख असते. पण व्यवहार ठरणे, कर्ज मंजूर होणे, मुद्रांक भरणे, नोंदणी होणे यात दोन-तीन महिने जातात. म्हणजे इंडेक्स टू मागच्या तिमाहीची गोष्ट सांगतो आणि मागणी पुढच्या तिमाहीची आशा. आम्ही दोन्ही छापतो, वेगवेगळ्या जागी, आणि त्यांची वजाबाकी करत नाही. गृहकर्जाच्या टेबलावर असताना माणसे बाजारात चाललेला भाव म्हणून जे सांगत, तो बहुतेक वेळा शेजाऱ्याने मागितलेला आणि न मिळालेला भाव असे.

राहता राहिला शेरा. माझे ते "समाधानकारक" गेले. आता तो ती लिहिते आणि मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघतो. तिचा नियम असा की प्रत्येक वाक्याला वरच्या ओळींत बोट ठेवायला जागा हवी. २०२२ च्या जुलैतला तिचा शेरा मला पाठ आहे: "मेट्रो आली म्हणून मागणी तीन-चार हजारांनी वाढली आहे. ठरणारी भाडी अजून तिथंच आहेत. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर म्हातारी माणसं येत नाहीत, तरुणांना सोसायटी नको म्हणते, म्हणून ती घरं पडून राहतात. मागच्या कागदात घर जायला सरासरी १८ दिवस लिहिले होते ते चुकले. रिकामी घरं मोजली नव्हती." शेवटची दोन वाक्ये घालू नयेत, ग्राहक काय म्हणतील, असे तिचे वडील म्हणाले. मी म्हटले, घाल. माझ्या नावानिशी घाल हवे तर. तिने नाव घातले नाही.

पुढच्या वर्षी या शेऱ्यानेच मला पुन्हा एकदा वाचवले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी जुलै ते सप्टेंबरचे आकडे आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशेजारी ठेवले. सप्टेंबरात घर घेण्याची टोकने आदल्या वर्षीपेक्षा बरी जास्त आली होती. मी "खरेदीत सुधारणा" असे लिहिणार, तोच ती म्हणाली, "काका, पितृपक्ष बघा." २०२२ मध्ये पितृपक्ष १० ते २५ सप्टेंबर होता, ऐन तिमाहीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि सगळे सण पुढे सरकले. पितृपक्ष २९ सप्टेंबरला सुरू झाला तो थेट १४ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे एका वर्षी तो पंधरवडा एका तिमाहीच्या पोटात आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळा पुढच्या तिमाहीत. आमच्याकडे घर घेणारी माणसे त्या पंधरा दिवसांत टोकन देत नाहीत. भाडेकरू एवढे मानत नाहीत, पण घर विकत घेणारा अजूनही मानतो. बाजार सुधारला नव्हता, पंचांग सरकले होते. दुसऱ्या वर्षी तिने हे आधीच शेऱ्यात लिहून टाकले.

आता वहिनींकडे येतो. जुलै २०२२ चा तो दुसरा कागद मी स्वतः त्यांच्याकडे नेला. पोस्टाने पाठवायचे धैर्य होते, हातात द्यायचे नव्हते. म्हणूनच हातात दिला. त्यांनी भिंग घेतले आणि ओळी वाचू लागल्या. मी काही बोललो नाही.

"यात माझं घर कुठलं, भावजी?"

मी बोट ठेवले. दुसरा मजला, लिफ्ट आहे, मागितले ३२,०००, आडवी रेघ, ६० दिवस.

त्यांचे बोट एक ओळ वर सरकले. पहिला मजला, मागितले २९,०००, ठरले २८,०००, ९ दिवस. "आणि हे?"

ते त्याच जोडप्याने घेतलेले घर होते, वहिनींच्या मागच्या गल्लीतले. मी सांगितले. त्या बराच वेळ दोन्ही ओळींकडे बघत राहिल्या. मग भिंग ठेवून म्हणाल्या, "तुम्ही चुकलात हे छापलंत, बरं केलंत. पण मी तुमच्या कागदावर नाही थांबले, मी ३४ वर थांबले. तो आकडा छान वाटला मला." एवढे बोलून त्या चहा ठेवायला उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "त्या मुलीला सांगा, अठ्ठावीसला देते."

अठ्ठावीसला कुणी मिळाले नाही. हंगाम गेला होता. ३ ऑगस्टपासून साडेसत्तावीसला घर गेले. आठ मेपासून मोजले तर सत्त्याऐंशी दिवसांचे भाडे बुडाले, म्हणजे एक्याऐंशी हजार दोनशे. ऑक्टोबरच्या कागदावर त्यांची ओळ आली: दुसरा मजला, लिफ्ट आहे, मागितले ३२,०००, ठरले २७,५००, ९४ दिवस. ती प्रत वहिनींनी दादांच्या जुन्या पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवली आहे. त्या ओळीच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: "७ वा दिवस, २८,०००, नाही म्हटले."